दहा भागाकारांची जोडी

मसावि काढायच्या दोन रीती शाळेत शिकवतात. पहिली अवयव पाडण्याची. दुसरी भागाकाराची: मोठ्या संख्येला लहानीने भागायचे, बाकी उरली तर त्या लहान संख्येला बाकीने भागायचे, पुन्हा बाकी उरली तर आधीच्या बाकीला नव्या बाकीने भागायचे आणि बाकी शून्य येईपर्यंत हे करत राहायचे. ज्या भाजकाने शेवटी नि:शेष भाग गेला, तो मसावि. फळ्यावर यासाठी घेतलेली उदाहरणे सहसा तीन-चार ओळींत आटोपतात. उदाहरणार्थ १४४ आणि ९०. नव्वदचा भाग एकदा जातो, बाकी ५४. चोपन्नचा नव्वदमध्ये एकदा, बाकी ३६. छत्तीसचा चोपन्नमध्ये एकदा, बाकी १८. अठराचा छत्तीसमध्ये दोनदा, बाकी शून्य. चार भागाकार झाले आणि मसावि १८ मिळाला.

आता नव्वदच्या जागी अठ्ठ्याऐंशी घेतले तर पाच भागाकार लागतात आणि मसावि ८ येतो. नव्वद आणि अठ्ठ्याऐंशी यांच्या मधली संख्या उरली, एकोणनव्वद. तिच्याशी गाठ पडली की मात्र हिशेब लांबतच जातो:

१४४ = १ × ८९ + ५५
८९ = १ × ५५ + ३४
५५ = १ × ३४ + २१
३४ = १ × २१ + १३
२१ = १ × १३ + ८
१३ = १ × ८ + ५
८ = १ × ५ + ३
५ = १ × ३ + २
३ = १ × २ + १
२ = २ × १ + ०

दहा भागाकार केले आणि हाती आला मसावि १, म्हणजे दोन्ही संख्यांत सामाईक काहीच नाही. दोन्ही बाजूंच्या शेजारणींना चार आणि पाच पायऱ्या पुरल्या आणि मधल्या संख्येला दहा. हा योगायोग नव्हे. भाजक दोन अंकी असेल तर भाज्य कितीही मोठा घेतला तरी दहापेक्षा जास्त भागाकार कधीच लागत नाहीत. बरोबर दहा लागायला लावणारा दोन अंकी भाजक अख्ख्या यादीत एकच आहे, ८९, आणि तोही पहिल्या भागाकारात बाकी ५५ उरली तरच.

भागाकाराच्या या रीतीने जास्तीत जास्त किती दमवावे, हा या लेखाचा विषय आहे. वरच्या दहा ओळींच्या डाव्या कडेने वरून खाली वाचत गेले, तर उत्तर समोरच उभे आहे: १४४, ८९, ५५, ३४, २१, १३, ८, ५, ३, २. खालून वर वाचले तर प्रत्येक संख्या तिच्या खालच्या दोन संख्यांची बेरीज आहे. याच माळेला आज फिबोनाची क्रमिका म्हणतात.

रीत फार जुनी आहे. इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या भागाची सुरुवातच तिने केली. पहिल्या दोन सिद्धान्तांत त्याने ती भागाकाराऐवजी वजाबाकीच्या भाषेत मांडली आहे: मोठ्यातून लहान पुन्हा पुन्हा वजा करत जायचे. भारतात आर्यभटाने ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त परस्पर भागाकारावर उभी असलेली कुट्टकाची रीत दिली. तिचे काम नुसता मसावि काढण्यापुरते नव्हते. अमुक संख्येला कशाने गुणून अमुक मिळवले की तमुकने नि:शेष भाग जाईल, असली कोडी आणि ग्रहगणितातले हिशेब ती सोडवत असे.

भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त कुट्टकाचे पहिले उदाहरण म्हणून जे कोडे घातले, ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता १९५ ने नि:शेष भाग जाईल? आधी परस्पर भागाकार. १९५ चा २२१ मध्ये एकदा भाग जातो, बाकी २६. सव्वीसचा १९५ मध्ये सात वेळा, बाकी १३. तेराचा सव्वीसमध्ये दोनदा, बाकी शून्य. तीन भागाकारांत मसावि १३ मिळाला. त्याने सगळ्या संख्यांना छेद दिला की १७, ५ आणि १५ असे सुटसुटीत कोडे उरते आणि उत्तर येते ५. पडताळा सोपा आहे: २२१ पाचपट ११०५, त्यात ६५ मिळवून ११७०, आणि ११७० म्हणजे १९५ ची बरोबर सहापट. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ उभारल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे.

तीन भागाकारांत सुटणारे हे उदाहरण पुढे ठेवले, तर कुणाला पायऱ्या मोजाव्याशा वाटण्याचे कारण नाही. बाक्या प्रत्येक वेळी लहान होत जातात आणि शून्याखाली जाऊ शकत नाहीत, म्हणजे रीत कधीतरी थांबणारच. एवढी खात्री कुठल्याही गणकाला पुरेशी होती. थांबणार हे ठाऊक असताना ‘उशिरात उशिरा केव्हा थांबणार’ असे विचारणे हा वेगळाच प्रश्न आहे, आणि तो छापील ग्रंथांत नीट उभा राहायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

तो फ्रान्समध्ये उभा राहिला. १८११ साली आंत्वान रेनो यांनी पहिला अंदाज बांधला: भागाकारांची संख्या भाजकापेक्षा जास्त होणार नाही. हे खरे आहे, कारण बाकी दर पायरीला किमान एकाने तरी घटते. पण ८९ साठी ही मर्यादा ८९ भागाकार सांगते आणि प्रत्यक्षात लागतात दहा. दहा वर्षांनी रेनो यांनी ती जवळपास निम्म्यावर आणली, तरीही ती चाळिशीच्या पुढेच राहिली.

१८४१ मध्ये पिएर जोझेफ एतिएन फिंक यांनी मोठी झेप घेतली. त्यांचे निरीक्षण असे, की दोन भागाकारांत मिळून बाकी निम्म्याहून खाली येतेच. समजा भाजक १०० आहे. पहिली बाकी पन्नास किंवा त्याहून कमी आली तर काम आधीच झाले. पन्नासहून जास्त, समजा ७० आली, तर पुढच्या पायरीला ७० चा १०० मध्ये एकदाच भाग जाईल आणि ३० उरतील, म्हणजे पन्नासच्या आतच. थोडक्यात, दर दोन पायऱ्यांना संख्या अर्धी होते. मग एखादी संख्या किती वेळा अर्धी करता येईल ते मोजायचे, त्याची दुप्पट करायची, एक मिळवायचा, की मर्यादा तयार. ८९ साठी या हिशेबाने तेरा भागाकार येतात. एकोणनव्वदावरून तेरावर मर्यादा आली, पण दहा आणि तेरा यांच्यातले अंतर शिल्लक राहिले. दोन पायऱ्यांत जेमतेम अर्धे होणे हा प्रकार पुन्हा पुन्हा, सलग घडू शकत नाही, हे त्या अंतराचे कारण आहे.

त्याच्याही आधी, १८३७ मध्ये, एमिल लेजे यांनी या क्रमिकेतल्या लागोपाठच्या जोड्या सर्वांत जास्त पायऱ्या घेतात हे ओळखले होते. पण ज्याचे नाव या निष्कर्षाला कायमचे चिकटले, ते गाब्रिएल लामे यांचे. १७९५ साली जन्मलेले लामे शिक्षणाने अभियंते. उमेदीची बारा वर्षे त्यांनी रशियात सेंट पीटर्सबर्गला काढली, आणि स्थितिस्थापकता व उष्णतेच्या गणितासाठी ते अधिक ओळखले जातात. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे. १८४४ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात त्यांचे चार पानांचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात नियम असा मांडला होता: लहान संख्येत जितके अंक, त्याच्या पाचपटीपेक्षा जास्त भागाकार कधीही लागत नाहीत.

लामे यांच्या नियमाचा गाभा समजायला बीजगणित फारसे लागत नाही. फक्त हिशेब उलट्या टोकाकडून वाचायचा. नेहमी आपण दोन संख्या हातात घेऊन खाली उतरत जातो. त्याऐवजी खालच्या पायरीवर उभे राहून वर पाहायचे आणि विचारायचे: दहा भागाकार लागावेत असे वाटत असेल, तर संख्या लहानात लहान किती असायला हव्यात?

शेवटच्या भागाकारात बाकी शून्य. तिथला भाजक कमीत कमी १ असणार. त्याने ज्याला भागले ती संख्या त्याच्याहून मोठी, म्हणजे कमीत कमी २. आता एक पायरी वर चढायचे. तिथे भाजक होता हाच २, आणि बाकी होती १. भाग किमान एकदा तरी गेलाच असणार, म्हणून भाज्य कमीत कमी २ अधिक १, म्हणजे ३. आणखी वर: भाजक ३, बाकी २, म्हणून भाज्य कमीत कमी ५. त्याच्या वर ५ आणि ३ मिळून ८. प्रत्येक पायरीवर भाज्य म्हणजे भाजकाची निदान एकपट आणि वर बाकी, म्हणजेच खालच्या दोन संख्यांच्या बेरजेहून तो कधीच लहान असू शकत नाही. मागच्या दोहोंची बेरीज करण्याचा नियम इथे कुणी बाहेरून आणलेला नाही. भागाकाराच्या व्याख्येतूनच तो बाहेर पडतो.

खालून मोजत गेले की भाजकाची किमान किंमत अशी वाढते: एका भागाकारासाठी १, दोनसाठी २, तीनसाठी ३, चारसाठी ५, पाचसाठी ८, सहासाठी १३. म्हणून एक अंकी भाजकाला सहा भागाकार लागूच शकत नाहीत, कारण सहा लागायला भाजक निदान तेरा हवा. हीच माळ पुढे २१, ३४, ५५ अशी जाऊन दहाव्या जागी ८९ वर पोचते, आणि अकराव्या जागी १४४ येतात. अकरा भागाकार हवे असतील तर भाजक किमान १४४ हवा, म्हणजे तीन अंकी. दोन अंकी भाजकाची धाव दहावर थांबते ती अशी.

आता लामे यांचा पाच हा आकडा कुठून आला? एक अंकी संख्यांत या माळेतल्या १, २, ३, ५, ८ अशा पाच संख्या आहेत. दोन अंकींत १३, २१, ३४, ५५, ८९ अशा पाच. तीन अंकींत १४४, २३३, ३७७, ६१०, ९८७ अशाही पाच. प्रत्येक अंकामागे पाचपेक्षा जास्त संख्या कधीच बसत नाहीत. कारण माळेतली कुठलीही संख्या घेऊन पाच घरे पुढे गेले, की जी संख्या मिळते ती मूळ संख्येची आठपट आणि तिच्या मागच्या संख्येची पाचपट यांची बेरीज असते. २१ घेतले, तर मागचा १३. एकवीसची आठपट १६८, तेराची पाचपट ६५, बेरीज २३३. खरोखरच २१ नंतर पाचवे घर २३३ चे आहे. मागची संख्या मूळ संख्येच्या निम्म्याहून कमी कधी नसते, म्हणून ही बेरीज दसपटीच्या पुढेच जाते. पाच घरांत दसपट झाली, म्हणजे एक अंक वाढलाच. तेव्हा एका अंकाच्या हद्दीत पाचांहून जास्त घरे मावणार कशी?

ही मर्यादा किती घट्ट आहे, हेही पाहायला हवे. एक अंकी भाजकाला १३ आणि ८ ही जोडी बरोबर पाच भागाकार लावते. दोन अंकीला १४४ आणि ८९ बरोबर दहा. तीन अंकीला १५९७ आणि ९८७ बरोबर पंधरा. चार अंकीला मात्र माळ आखडते. तिथे १५९७, २५८४, ४१८१, ६७६५ अशा चारच संख्या बसतात, म्हणून वीसऐवजी एकोणीस हीच कमाल. त्यानंतर पाचपट पुन्हा कधीच गाठली जात नाही. पाच अंकींत पंचवीसऐवजी चोवीस आणि शंभर अंकींत पाचशेऐवजी चारशे एकोणऐंशी. क्रमिकेतली प्रत्येक संख्या मागच्या संख्येच्या सुमारे १.६१८ पट असते, आणि या पटीने दसपट व्हायला पाच नव्हे, सुमारे ४.७८५ पायऱ्या लागतात. लामे यांचा पाच हा त्याचाच वर ओढलेला, तोंडी सांगता येईल असा पूर्णांक आहे.

या माळेला आज ज्याचे नाव आहे, त्या पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, ती १२०२ च्या ‘लिबेर अबाची’ या ग्रंथात सशांच्या कोड्यात वापरली: एका जोडीपासून वर्षअखेर ३७७ जोड्या होतात. भागाकाराशी त्या कोड्याचा काहीच संबंध नाही. नावाचा मान त्याला मिळाला तोही उशिरा, १८७० च्या दशकात एदुआर ल्यूका यांच्यामुळे. त्याआधी फ्रान्समध्ये ती लामे यांच्या नावानेही ओळखली जात होती.

सशांच्याही कित्येक वर्षे आधी हीच माळ भारतात छंदशास्त्रात सापडली होती. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग चार मात्रांचा चरण किती तऱ्हांनी भरता येईल? गुरू-गुरू, गुरू-लघू-लघू, लघू-गुरू-लघू, लघू-लघू-गुरू आणि चारही लघू, अशा पाच तऱ्हा. पाच मात्रांच्या तऱ्हा मोजायला नवी यादी करावी लागत नाही. चरण लघूवर संपत असेल तर आधीच्या चार मात्रा पाच तऱ्हांनी भरल्या असतील, आणि गुरूवर संपत असेल तर आधीच्या तीन मात्रा तीन तऱ्हांनी. बेरीज आठ. विरहांक, गोपाल आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र यांच्या छंदोग्रंथांत ही मोजणी येते. शेवटचे अक्षर पाहून मागच्या दोन उत्तरांची बेरीज घेण्याची ही युक्ती आणि शेवटचा भागाकार पाहून वर चढण्याची लामे यांची युक्ती यांची चाल एकच आहे. दोघेही टोकापासून सुरुवात करतात, आणि म्हणून दोघांच्या हाती एकच माळ लागते.

याच ठिकाणी वजाबाकीची रीत आणि भागाकाराची रीत यांच्यातला फरक उलगडतो. दहा लाख आणि एक ही जोडी युक्लिडच्या वजाबाकीने सोडवायची तर एक दहा लाख वेळा वजा करत बसावे लागेल. भागाकाराला एकच पायरी लागते, कारण एका भागाकारात कितीही वजाबाक्या गुंडाळता येतात. भागाकाराची ताकद आहे ती या गुंडाळण्यात. १४४ आणि ८९ या जोडीने नेमकी तीच हिरावून घेतली आहे. वरच्या दहा ओळींत शेवटची सोडली तर प्रत्येक ठिकाणी भाग एकदाच गेला आहे, म्हणजे प्रत्येक भागाकार ही एक साधी वजाबाकीच होती. म्हणून वजाबाकीने सोडवली तरी ही जोडी अकरा पायऱ्यांत शून्यावर येते. भागाकाराला सर्वांत जड जाणारी जोडी वजाबाकीला अजिबात जड नाही.

सहज घेतलेल्या संख्यांत असे सलग एकदाच भाग जाणे दुर्मीळ असते. मोठ्या संख्यांत शंभरातल्या साधारण एकेचाळीस भागाकारांत भाग एकदा जातो आणि सतरांत दोनदा. बाकीच्यांत त्याहून जास्त वेळा, आणि तिथे संख्या झपाट्याने उतरते. १९६९ मध्ये हान्स हाइलब्रोन आणि १९७० मध्ये जॉन डिक्सन यांनी सरासरीचा प्रश्न सोडवला. त्यानुसार लहान संख्येच्या प्रत्येक अंकामागे सरासरी १.९४ भागाकार लागतात. शंभर अंकी संख्यांना म्हणजे दोनशेच्या जरा खाली, तर वाईटात वाईट जोडीला चारशे एकोणऐंशी. कमाल ही सरासरीच्या अडीचपटीहून जास्त नाही. म्हणूनच इथे वाईटात वाईट जोडीचेही फारसे भय बाळगावे लागत नाही.

हे सगळे स्वतः तपासून पाहायला संगणकावर सहा ओळी पुरतात.

```python
def payrya(a, b):
    n = 0
    while b:
        a, b = b, a % b
        n += 1
    return n
```

`payrya(144, 89)` ला उत्तर १० येते. पण संख्या उलट क्रमाने, `payrya(89, 144)` अशा दिल्या तर ११ येते, आणि पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला वाटते की लामे यांचा नियम मोडला. नियम मोडलेला नाही. लहान संख्येला मोठीने भागले की भाग शून्य वेळा जातो आणि बाकी म्हणून लहान संख्याच परत येते. म्हणजे पहिली पायरी नुसती अदलाबदलीत खर्ची पडते. मोजणी सुरू करण्यापूर्वी मोठी संख्या आधी लिहिली आहे ना, हे पाहिले पाहिजे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे शून्य बाकीचा शेवटचा भागाकार न मोजणे. तो सोडला की दहाचे नऊ होतात आणि तक्ता एका घराने सरकतो.

पायऱ्या मोजणे आणि वेळ मोजणे यांतही गल्लत होते. कागदावर शेकडो अंकी भागाकार करताना श्रम दोन गोष्टींवर ठरतात: भाजकात अंक किती आणि उत्तरात अंक किती. फिबोनाची जोडीत पायऱ्या सर्वांत जास्त, पण प्रत्येक उत्तर १, म्हणून प्रत्येक पायरी हलकी. उलट ज्या जोडीत पायऱ्या कमी, तिथे काही उत्तरे मोठी आणि त्या पायऱ्या जड. सगळ्या पायऱ्यांतल्या उत्तरांचा गुणाकार मूळ मोठ्या संख्येपेक्षा जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे एकूण श्रमांनाही आपोआप लगाम बसतो. अंकांची संख्या दुप्पट झाली की ते साधारण चौपट होतात, त्याहून भराभर वाढत नाहीत.

रीत थोडी बदलली तर वाईटात वाईट जोडीही बदलते. बाकी निम्म्याहून मोठी येत असेल तर भाग एकदा जास्त लावून वजा बाकी घेता येते. १४४ मध्ये ८९ चा भाग दोनदा लावला तर ३४ कमी पडतात. पुढच्या पायरीला ८९ ला ३४ ने भागायचे. या रीतीने पुढे १३, ५, २, १ अशा बाक्या येऊन सहा पायऱ्यांत काम संपते. १८४६ मध्ये आतानाज द्युप्रे यांनी या बदललेल्या रीतीची कमाल काढली. तिथे मागच्या दोहोंच्या बेरजेऐवजी, मागच्याची दुप्पट अधिक त्यामागची संख्या, अशी माळ येते: १, २, ५, १२, २९, ७०. ती जास्त वेगाने वाढते, म्हणून त्या रीतीला अंकामागे पायऱ्याही कमी लागतात.

लामे यांच्या वाक्यातला ‘लहान संख्येत’ हा शब्द वाचताना सहज निसटतो, आणि खरा उपयोग त्याचाच आहे. इंटरनेटवरच्या व्यवहारांत वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीत गुप्त किल्ली तयार करताना दोन संख्यांवर हाच परस्पर भागाकार चालतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या आकारात मोठी संख्या सुमारे ६१७ अंकी असते. दुसरी बहुतेक वेळा ठरलेली असते, ६५५३७. ६१७ अंक पाहून हजारो पायऱ्यांची धास्ती वाटेल. पण पहिल्याच भागाकारात बाकी ६५५३७ च्या खाली येते आणि ती अवाढव्य संख्या हिशेबातून कायमची बाहेर पडते. भाजक पाच अंकी, म्हणून लामे यांच्या नियमाने पायऱ्या पंचवीसच्या वर जाणार नाहीत. माळेत बघितले तर ६५५३७ ही संख्या ४६३६८ आणि ७५०२५ यांच्या मधे पडते. चोवीस भागाकारांना भाजक किमान ७५०२५ हवा, तेवढा तो नाही. म्हणजे मोठी संख्या कोणतीही निवडली, तरी तेविसाव्या भागाकारापर्यंत बाकी शून्य झालेली असते.